क्रिएटिनिन वाढलं म्हणून बंद केलेली बीपीची गोळी

प्रश्न : माझे वडील ५७ वर्षांचे आहेत, जालना जिल्ह्यात शेती करतात. बीपी १६४/१०० निघालं म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० ची रोज एक गोळी दिली. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ०.९ होतं ते १.१ झालं. भावकीत सगळे म्हणतात, बीपीच्या गोळ्यांनी किडन्या खराब होतात आणि एकदा सवय लागली की मरेपर्यंत सुटत नाही. आठ दिवसांपासून वडिलांनी गोळी बंद केली आहे. त्यांना त्रास काहीच नाही. परत चालू करावी का?

उत्तर : हो, चालू करा. फक्त त्याआधी दोन गोष्टी बघा. सध्या त्यांना उलट्या-जुलाब किंवा ताप नाही ना, आणि त्याच रिपोर्टमध्ये पोटॅशियमचा आकडा किती आहे. तो ५.५ च्या आत असेल आणि तब्येत रोजच्यासारखी असेल, तर उद्यापासून गोळी घ्यायला हरकत नाही. मधले आठ दिवस बंद होती हे मात्र डॉक्टरांना सांगा, लपवू नका. ते न सांगितल्यामुळे पुढच्या वेळी बीपी जास्त दिसतं, डॉक्टरांना वाटतं डोस पुरत नाही, आणि विनाकारण दुसरी गोळी वाढते.

आता ०.९ चं १.१ का झालं ते सांगतो. मी गेली बरीच वर्षं याच भागात फिजिशियन म्हणून काम करतो, आणि माझ्याकडे सुटलेल्या गोळ्यांची जी कारणं येतात त्यात हा आकडा फार वरचा आहे. तो चुकीचा वाचला जातो.

वडिलांच्या शेतात ठिबक असेल तर त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, त्यात एका बाजूनं रक्त येतं आणि दुसऱ्या बाजूनं जातं. मधे जो दाब तयार होतो त्या दाबानं रक्त गाळलं जातं. ठिबकचा दाब प्रमाणाबाहेर गेला की लॅटरल फुगते, जोड निसटतात, ड्रिपर उडतात. किडनीतही वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला तर या गाळण्या एकेक करून निकामी होतात. फरक एवढाच की उडालेला ड्रिपर आपण संध्याकाळी बदलतो, गेलेली गाळणी परत बसवता येत नाही. आणि ती जाताना दुखत नाही.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी थोडी सैल करतात. बाहेरची वाट मोकळी झाली की आतला दाब उतरतो. दाब उतरला की गाळण्याचा वेगही थोडा कमी होतो, जसं दाब कमी केल्यावर थेंब जरा हळू पडतात. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज तयार होणारा कचरा. गाळण्याचा वेग थोडा घटला की तो रक्तात किंचित जास्त राहतो. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली वाढ ही गाळण्या मेल्याची खूण नाही, त्यांच्यावरचा दाब उतरल्याची आहे.

अर्थात ही वाढ किती चालेल याला मर्यादा आहे. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. वडिलांचं मूळ ०.९. त्याचे ३० टक्के म्हणजे ०.२७, म्हणजे जवळपास १.१७ पर्यंत. ते १.१ वर आहेत, आत आहेत. शिवाय आदल्या रात्री मटणाचं जेवण झालं असेल, दिवसभर अंगमेहनतीचं काम झालं असेल, किंवा दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं असेल, तरी एवढासा फरक पडू शकतो. म्हणून दोन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, आदल्या दिवशी मटण न खाता आणि नीट पाणी पिऊन परत तपासा. आकडा १.१ च्या आसपास थांबलेला असेल तर तोच आता त्यांचा नवा पाया समजायचा. तो चढतच गेला, १.३, १.५ असा, तर गोळी तात्पुरती थांबवून कारण शोधावं लागतं. अशा वेळी आम्ही चार गोष्टी बघतो : पोटात वेदनाशामक गोळी जाते का, अंगातलं पाणी कमी झालंय का, प्रोस्टेट वाढून लघवी तुंबतेय का, आणि किडनीला रक्त नेणारी धमनीच अरुंद आहे का. शेवटचं कारण क्वचित आढळतं, जास्त करून वयस्क आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसांत.

भावकीतल्या लोकांवर रागावू नका. त्यांनी जे पाहिलंय ते खरंच पाहिलंय. डायलिसिसला बसलेला जवळपास प्रत्येक माणूस बीपीच्या गोळ्या खात असतो, आणि आधीपासून खात असतो. पण मराठवाड्यातल्या माणसाला उलटा क्रम समजायला अडचण पडू नये. गावात टँकर आला म्हणून विहीर आटली असं आपण म्हणत नाही, विहीर आटली म्हणून टँकर येतो. बीपी किडनी बिघडवतं, आणि बिघडलेली किडनी बीपी आणखी वाढवते, त्यामुळे गोळ्या वाढतात. किडनीचा आजार बराच पुढे जाईपर्यंत लक्षण देत नाही. अशा माणसाला गोळी सुरू होते तेव्हा अर्ध्या गाळण्या आधीच गेलेल्या असू शकतात. दोन वर्षांनी डायलिसिस लागलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर असते ती गोळी. आधीची दहा वर्षं कुणाला दिसलेली नसतात.

या प्रश्नाची नीट तपासणीही झालेली आहे. मधुमेहामुळे किडनी खराब होऊ लागलेल्या रुग्णांवर लोसार्टनचा एक मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १५१३ रुग्ण होते. लोसार्टन घेणाऱ्यांत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी निघाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०२२ चा ब्रिटनमधला अभ्यास. ज्यांच्या किडन्या आधीच बऱ्याच खराब झाल्या आहेत अशा ४११ रुग्णांपैकी निम्म्यांची ही गोळी बंद केली आणि निम्म्यांची चालू ठेवली. गोळी थांबवली तर किडनीला आराम मिळेल, ही शंका डॉक्टरांनाही होती. तीन वर्षांनी पाहिलं तर बंद करणाऱ्यांच्या किडन्या काही सुधारलेल्या नव्हत्या.

मग या गोळ्यांनी किडनीला कधीच काही होत नाही का? होतं. एका ठरावीक परिस्थितीत होतं, आणि ती परिस्थिती आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते. माझ्याच एका रुग्णाचं सांगतो.

मोसंबीची बाग असलेले ६१ वर्षांचे काका. टेल्मिसार्टन ४० आणि त्यातच हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, अशी एकत्र गोळी तीन वर्षं घेत होते. फेब्रुवारीत क्रिएटिनिन १.० होतं, बीपी १३०/८० च्या आसपास. मे महिन्यात एका लग्नाहून आले आणि रात्रीपासून जुलाब सुरू झाले. दोन दिवस पोटात पाणी ठरेना. अंग मोडून आलं, गुडघेही दुखत होते, म्हणून जवळच्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या. त्या दुकानातून त्यांना डायक्लोफिनॅकची गोळी दिवसातून दोनदा घ्यायला सांगितलं, बीपीची कोणती गोळी चालू आहे ते विचारलं नाही. काका शिस्तीचे. बीपीची गोळी एक दिवस चुकवायची नाही हे मीच त्यांना बजावलेलं, म्हणून जुलाबातही ती रोज घेतली. चौथ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली. माझ्याकडे आणलं तेव्हा बीपी ९०/६०, जीभ कोरडी ठाक, क्रिएटिनिन ३.१, पोटॅशियम ५.८.

इथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. ठिबकच्याच भाषेत बोलायचं तर जुलाबानं टाकी खाली झाली, आणि लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडनं ती आणखी खाली केली. अशा वेळी किडनी स्वतःला वाचवण्यासाठी रक्त आत आणणारी वाहिनी उघडी धरून ठेवते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड या गोळ्या नेमका तोच आधार काढून घेतात आणि आत येणारी वाट आवळली जाते. तिकडे टेल्मिसार्टननं बाहेरची वाट मोकळी ठेवलेली. टाकी रिकामी, येणारा व्हॉल्व्ह आवळलेला, जाणारा उघडा. गाळणीत दाबच उरत नाही.

आम्ही दोन्ही गोळ्या थांबवल्या, सलाइननं पाणी भरून काढलं, पोटॅशियमवर उपचार केले. तिसऱ्या दिवशी लघवी सुटली. नवव्या दिवशी क्रिएटिनिन १.४ होतं, महिन्यानं १.१. डायलिसिस लागलं नाही. घरच्यांनी मात्र ठरवून टाकलं की बीपीच्या गोळीनं घात केला. डायक्लोफिनॅकचं नाव कुणीच घेत नव्हतं, कारण ती गोळी दोनच दिवस घेतली होती आणि बीपीची तीन वर्षं. मी त्यांना पुढे आधी अम्लोडिपिन ५ वर ठेवलं, दीड महिन्यानं टेल्मिसार्टन २० पासून परत सुरू केलं, दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. १.२ वर थांबलं आणि तिथेच राहिलं. जुलाब लागल्यावर काय करायचं हे मी त्यांना आधी कधी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक होती. तेव्हापासून प्रत्येकाच्या फाइलवर मागच्या बाजूला ते हातानं लिहून देतो.

तेच तुम्हालाही सांगतो. वडिलांना जोराचे जुलाब किंवा उलट्या लागल्या, किंवा तापात खाणंपिणं सुटलं, तर तेवढे दिवस टेल्मिसार्टन थांबवायची. त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर तीही. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तीसुद्धा. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून थोडं थोडं पाजत राहा आणि डॉक्टरांना फोन करा. नेहमीसारखं खाणंपिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की गोळ्या परत चालू. ही सुट्टी दोन-चार दिवसांचीच. जुलाब थांबले तरी बारा तास लघवी झाली नाही, चक्कर येऊन उभं राहवत नाही, किंवा खूप सुस्ती आली, तर घरी थांबू नका.

गोळीत काय आहे हे पाकिटावर दिसतं. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात औषधांची नावं आणि मिलिग्रॅम असतात, ती वाचा. कंपनीच्या नावापुढे एएम असेल तर बहुतेक वेळा सोबत अम्लोडिपिन असतं, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी असेल तर क्लोरथॅलिडोन. शेवटची दोन्ही लघवी वाढवणारी. पाकीट कापताना ही नावं कात्रीत जातात, म्हणून मोबाइलमध्ये एकदा पूर्ण पाकिटाचा फोटो काढून ठेवा.

गुडघेदुखी, कंबरदुखी शेतकऱ्याला सुटत नाही, म्हणून नुसतं वेदनाशामक बंद म्हणून भागत नाही हे मला माहीत आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० चालते, दिवसाला सहा गोळ्यांच्या आत. दारू पिणाऱ्याला आणि लिव्हरचा आजार असलेल्याला त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं मलम लावलं तर ते रक्तात फार थोडं जातं. पण दुकानात सुट्या मिळणाऱ्या रंगीत गोळ्यांच्या पुड्या, नाव नसलेल्या भस्माच्या पुड्या, बाजारात बसणाऱ्याकडचं वाताचं औषध, यांत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. गावात किडन्या औषधानं जातात हे खरं आहे. ती औषधं बहुतेक वेळा ही असतात. आणखी एक, बीपीसाठी चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणाल तर थांबा. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टननंही पोटॅशियम थोडं वाढतं. किडनी आधीच कमजोर असेल तर हा मेळ धोक्याचा आहे.

आता सवयीचं. तंबाखूची सवय वडिलांच्या ओळखीतल्या कुणाला तरी असेलच. ती सुटली की जीव कासावीस होतो, हात चाळवतात, तेवढ्याच आनंदासाठी पुडी वाढत जाते. टेल्मिसार्टन बंद केल्यावर आठ दिवसांत वडिलांना काय झालं? तुम्हीच लिहिलंय, काहीच नाही. सवय लावणारी वस्तू इतक्या शांतपणे सुटत नाही. झालं असेल ते एवढंच, की बीपी हळूहळू जुन्या जागी गेलं असेल. ते मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून आज-उद्या मोजा. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, दोनदा. १५०-१६० च्या पुढे निघालं तर तो गोळीचा सूड नव्हे, गोळीआधीचंच बीपी आहे. चष्मा काढल्यावर परत धूसर दिसतं, त्याला डोळ्यांना चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते माहीत असायला हवेत. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गोळ्या एकदम बंद केल्या तर नाडी धावते, हृदयाचा आजार असलेल्याला छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन एकदम थांबवली तर दीड दिवसाच्या आत बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळतं. या गोळ्या थांबवायच्या असतील तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायच्या. वडिलांच्या गोळीला हे लागू नाही.

डोस वाढतो तेव्हाही लोकांना सवयीचा संशय येतो. एका गोळीच्या दोन झाल्या, आता पहिली लागू पडत नाही, असं म्हणतात. औषधाचा जोर कमी झालेला नसतो. वयाबरोबर धमन्या कडक होतात, वजन वाढतं, जेवणात मीठ असतंच, म्हणून बीपी वाढतं. आणि उलटही होतं. माझ्या काही रुग्णांच्या गोळ्या कमी झाल्या आहेत, दोघा-तिघांच्या सुटल्याही आहेत. वजन एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एक आकडा उतरतं, म्हणजे आठ किलोला आठ. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चमचा, पाच ग्रॅम. आपल्याकडे भाकरीच्या पिठात मीठ, भाजीत मीठ, वर ठेचा, लोणचं, पापड, आणि दुपारी खारे शेंगदाणे. भाकरीतलं मीठ पहिल्यांदा काढा, ते आठ दिवसांत जाणवेनासं होतं. दारू असेल तर ती. हे सगळं जमलं आणि काही महिने बीपी १२० च्या खाली राहू लागलं, तर डॉक्टर डोस अर्धा करून बघतील. गोळी अशी कमी होते, बीपी मोजत मोजत.

कडक उन्हाळ्यात हे अधिक जपायला हवं. पारा ४२ च्या वर गेला की घाम जातो, अंगातल्या वाहिन्या सैलावतात आणि बीपी आपोआप उतरतं. रानात वाकून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी गोळी सोडून दिलेले कितीतरी लोक थेट डिसेंबरात माझ्याकडे येतात, बीपी १८० घेऊन. अंधारी आली तर बीपी मोजून या, उन्हाळ्यापुरता डोस कमी करता येतो. थंडीत तो परत वाढवावा लागतो.

वडिलांसाठी पुढचं असं. गोळी रोज एकाच वेळी. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम, आणि सोबत लघवीतली अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो नावाची तपासणी. ही तिसरी लोक टाळतात, पण गाळण्या गळायला लागल्यात का हे क्रिएटिनिनच्या कितीतरी आधी तीच सांगते. आकडा ३० च्या आत हवा. तो जास्त निघाला तर टेल्मिसार्टन बंद करायची नसते, उलट तिचीच जास्त गरज असते. साखरही एकदा तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी फुकट मोजतात, तिथल्या नोंदी एका वहीत लिहून तारखेसह घेऊन जा, आणि जाताना मोबाइलमधला पाकिटाचा फोटो आणि घरात असलेल्या सगळ्या वेदनाशामक गोळ्या, मलमं, पुड्या एका पिशवीत घालून सोबत न्या.